पासवर्ड मागे ठेवताना

माणूस गेल्यावर घरच्यांच्या हातात निदान मृत्यूदाखला येतो. तो दाखवला की बँक, विमा कंपनी, मोबाइल कंपनी, सगळीकडे एक ठरलेली वाट असते. लांबची, थकवणारी, पण असते. तोच माणूस आयसीयूत बेशुद्ध असतो तेव्हा मात्र घरच्यांकडे कुठलाच कागद नसतो. नॉमिनीचा हक्क सुरू झालेला नसतो, मुलं अजून वारस झालेली नसतात, आणि ज्याला सगळे पासवर्ड ठाऊक आहेत तो बोलू शकत नाही. म्हणून आपल्या खात्यांची नि पासवर्डांची व्यवस्था लावायला बसताना मृत्यूच्या आधी आजाराचा विचार करावा. आजारात जी व्यवस्था टिकते ती मृत्यूनंतरही टिकते. उलट मात्र होत नाही.

नाशिकमधलं एक घर धरू. घर कल्पनेतलं आहे, पण त्यातल्या अडचणी खऱ्या आहेत. वडील त्रेसष्ट वर्षांचे, निवृत्त. आई घर सांभाळते, तिचा स्वतःचा साधा स्मार्टफोन आहे. मुलगी पुण्यात नोकरी करते, मुलगा जर्मनीत. वडील तसे नीटनेटके. सगळे पासवर्ड त्यांनी बिटवॉर्डन नावाच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवलेत, म्हणजे एका कुलूपबंद तिजोरीत. तिला एकच मुख्य पासवर्ड, आणि तो त्यांच्या डोक्यात. एका सोमवारी पहाटे त्यांना पक्षाघाताचा झटका येतो. दुपारपर्यंत मुलगी नाशिकला पोचते. रुग्णालय विमा पॉलिसीचा क्रमांक मागतं. पॉलिसीची पीडीएफ ईमेलमध्ये आहे. ईमेल फोनमध्ये आहे. फोनला पिन आहे.

इथे बहुतेक घरं पहिली चूक करतात. वडिलांचं बोट फोनला लावून बघतात. फोन सकाळपासून चालू असेल तर तो उघडेलही. पण बॅटरी संपून एकदा बंद पडला की पुन्हा सुरू केल्यावर बोट किंवा चेहरा चालत नाही, पिनच लागतो. मग अंदाजाने पिन टाकणं सुरू होतं. जन्मतारीख, लग्नाची तारीख, जुन्या स्कूटरचा नंबर. आयफोन अशा दहा चुकांनंतर कायमचा अडतो, आणि मालकाने तशी सोय चालू ठेवली असेल तर आतला सगळा मजकूर पुसूनही टाकतो. म्हणून फोनचा पिन ही पहिली गोष्ट. ती निदान एका माणसाला आजच माहीत असायला हवी. नवराबायकोत तो एकमेकांना माहीत असण्यात मला काही वावगं वाटत नाही. ज्यांना वाटतं त्यांनी तो बंद पाकिटात ठेवावा. पाकिटाविषयी पुढे बोलू.

फोन उघडला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. उलट इथे थोडं थांबून हे समजून घ्यायला हवं की पासवर्ड हातात आल्याने घरच्यांना नेमकं काय करता येतं आणि काय करू नये.

बँकेचा नेटबँकिंग पासवर्ड, यूपीआय पिन, एटीएमचा पिन ही ग्राहकाची वैयक्तिक सही आहे. तो दुसऱ्याला सांगणं बँकेच्या अटींत बसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने पिन किंवा पासवर्ड स्वतःहून दुसऱ्याला दिल्यामुळे फसवणूक झाली, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच. माणूस गेल्यानंतर तर त्याच्या पिनने पैसे काढणं सरळ चुकीचं आहे. त्या क्षणापासून ते पैसे वारसांचे असतात, आणि एका मुलाने ‘बाबांनी पिन सांगितला होता’ म्हणून काढलेली रक्कम दुसऱ्या भावंडासमोर वर्षानुवर्षं पुरते. तेराव्याच्या आतच एफडी मोडून पैसे वळवणाऱ्यांचा हेतू अनेकदा चांगला असतो, खर्च अंगावर आलेला असतो. तरीही ते करू नये.

मग आजारपणात पैसा कुठून आणायचा? याचं उत्तर पासवर्डात नाही, खात्याच्या नावात आहे. पतिपत्नीचं एक खातं ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचं, म्हणजे बँकेच्या भाषेत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असावं आणि त्यात तीनचार महिन्यांचा खर्च कायम असावा. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ हे नाव ऐकायला जवळचं वाटतं, पण त्यात पहिला खातेदार जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला व्यवहार करता येत नाही. आजारात ते काही कामाचं नाही. आपल्या पासबुकावर यातलं काय लिहिलंय ते आजच बघून घ्यावं. खूप जणांना ते माहीत नसतं.

‘आमच्याकडे मुखत्यारपत्र आहे’ असंही लोक सांगतात. इथे मोठा गैरसमज आहे. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे मूळ माणूस मरण पावला किंवा त्याचं मानसिक भान गेलं की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवलं, नेमक्या त्याच दिवशी ते गळून पडतं. काही देशांत भान गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे ती सोय नाही. माणूस दीर्घकाळ बेशुद्ध राहिला तर घरच्यांना उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये शोभा गोपालकृष्णन प्रकरणात यासाठी पद्धत घालून दिली. तो शेवटचा उपाय.

रुग्ण शुद्धीवर असेल, फक्त सही करता येत नसेल, तर मात्र एक साधी वाट आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी खातेदाराचा हाताच्या, नाही तर पायाच्या अंगठ्याचा ठसा बँकेने स्वीकारायचा असतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ठसाही शक्य नसेल तर साधी खूण चालते. पैसे कोण घेऊन जाईल हे खातेदाराने दाखवायचं. शाखेला फोन करून ‘अधिकारी रुग्णालयात पाठवा’ असं स्पष्ट मागावं.

आता नाशिकच्या घराकडे येऊ. पैसे जर संयुक्त खात्यातून येणार असतील तर मुलीला पासवर्डांची तिजोरी कशासाठी हवी? माहितीसाठी. विमा कुठल्या कंपनीचा, पॉलिसी क्रमांक काय, मेडिक्लेम किती रकमेचा, कुठल्या बँकेत कुठल्या शाखेत खातं, लॉकर कुठे, विजेचं बिल कुठून आपोआप भरलं जातं, घराच्या कराची पावती कुठे आहे. माझं मत असं की पासवर्ड मॅनेजरमध्ये बँकेच्या नोंदीत पासवर्डापेक्षा खालची टिपेची जागा जास्त मोलाची. तिथे शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे, नॉमिनीचं नाव, खातं एकट्याचं की संयुक्त, एवढं लिहिलेलं असावं. यूपीआय आणि एटीएमचा पिन तिथे लिहूच नये. घरच्यांना तो लागत नाही.

ही तिजोरी मालकाच्या गैरहजेरीत उघडायची सोय बिटवॉर्डनमध्ये Emergency Access या नावाने आहे. तिचं काम कसं चालतं ते नीट बघण्यासारखं आहे, कारण ती अर्धवट लावून ठेवणारे पुष्कळ. सोय सुरू करण्यासाठी वडिलांकडे सशुल्क खातं हवं. मुलीचं फुकटचं चालतं, पण तिचंही बिटवॉर्डन खातं असायलाच हवं. वडील तिच्या ईमेलवर आमंत्रण पाठवतात. ती ते स्वीकारते. आणि मग तिसरी पायरी येते, जी हमखास राहून जाते. वडिलांनी पुन्हा आपल्या खात्यात जाऊन तिला Confirm करायचं असतं. त्या वेळी पडद्यावर काही शब्दांची एक ओळ दिसते. तीच ओळ मुलीच्या पडद्यावरही आहे ना, हे फोनवर एकमेकांना वाचून दाखवून ताडून घ्यायचं. ही खातरजमा उगाच ठेवलेली नाही. कंपनीकडे तिजोरीची किल्ली नसते. वडिलांच्या उपकरणावर ती किल्ली मुलीच्या सार्वजनिक किल्लीने कुलूपबंद होते, आणि मगच कंपनीकडे जाते. Confirm केलंच नाही तर असं पुडकं तयारच होत नाही. मग कंपनीला कितीही विनवण्या केल्या, मृत्यूदाखला पाठवला, तरी ती काही करू शकत नाही. तिच्याकडे द्यायला काही नसतंच.

आमंत्रण देतानाच वडिलांनी दोन गोष्टी ठरवायच्या असतात. पहिली, मुलीला फक्त वाचता येईल की ताबा घेता येईल. View निवडलं तर ती सगळ्या नोंदी पाहू शकते, बदलू शकत नाही. Takeover निवडलं तर तिला नवा मुख्य पासवर्ड ठेवता येतो आणि वडिलांनी लावलेली दुसऱ्या पायरीची पडताळणीही निघून जाते. दुसरी गोष्ट म्हणजे थांबायचा काळ. तो एका दिवसापासून नव्वद दिवसांपर्यंत ठेवता येतो.

हा काळ किती असावा? आजाराचा विचार केला तर एक दिवस बरा वाटतो. पण सोय अशी आहे की मुलीने विनंती करताच वडिलांना ईमेल जातं, आणि त्यांनी ठरलेल्या मुदतीत नकार दिला नाही तर तिजोरी उघडते. म्हणजे मुदत ही वडिलांची ढाल आहे. ते हिमालयात पंधरा दिवस मोबाइलच्या टप्प्याबाहेर फिरायला जाणारे असतील, किंवा ज्याला नेमलं त्या नातेवाइकाविषयी मनात किंतु असेल, तर एक दिवस धोक्याचा. अशा माणसाला मुळात नेमूच नये हे खरं, पण नाती बदलतात. घरातल्या विश्वासाच्या माणसासाठी दोन ते सात दिवस मला योग्य वाटतात. आपल्या उदाहरणात वडिलांनी सात ठेवलेत आणि View निवडलंय. मुलीने सोमवारी संध्याकाळी विनंती केली तर तिजोरी पुढच्या सोमवारी उघडेल. पहिल्या दिवशी लागणारा पॉलिसी क्रमांक तिला यातून मिळणार नाही. तो कागदावर असायला हवा होता.

पुष्कळ जण इथे म्हणतात की एवढ्या पायऱ्या कशाला, मुख्य पासवर्डच चिठ्ठीवर लिहून ठेवतो. लिहावाच. पण त्या चिठ्ठीने एकट्याने दार उघडत नाही. मुलगी आपल्या लॅपटॉपवर वडिलांच्या खात्यात शिरू लागली की बिटवॉर्डनला ते उपकरण अनोळखी वाटतं. दुसरी पायरी लावलेली नसेल तर ते वडिलांच्या ईमेलवर एक सांकेतिक अंक पाठवतं. तो बघायला ईमेल उघडावं लागतं, आणि ईमेलचा पासवर्ड तिजोरीत. तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहिली. हा फास घरोघरी आहे आणि तो एरवी दिसत नाही, कारण मालकाच्या स्वतःच्या फोनवर सगळं आधीच उघडं असतं. म्हणून ईमेलचा पासवर्ड तिजोरीच्या बाहेरही असायला हवा. आणि दुसरी पायरी लावली असेल तर तिचा रिकव्हरी कोडसुद्धा.

दुसऱ्या पायरीविषयी थोडं अधिक सांगायला हवं, कारण वारशातली साखळी सगळ्यात जास्त तिथेच तुटते. पासवर्ड बरोबर असतो, पण ओटीपी गेलेल्या माणसाच्या सिमवर जातो. सिम जुन्या पद्धतीचं, प्लॅस्टिकचं असेल आणि त्याला स्वतंत्र पिन लावलेला नसेल, तर ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं आणि एसएमएस येऊ लागतात. ई-सिम असेल तर काढायला काही नसतंच, फोन उघडता आला पाहिजे. ओटीपी ऑथेंटिकेटर ॲपमधून येत असेल तर सिम निरुपयोगी, पुन्हा फोनच. अशा पुष्कळ खात्यांना ती सोय लावताना रिकव्हरी कोड मिळतात. बहुतेक जण ते ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देतात. गूगल खात्याचे असे कोड छापून ठेवावेत. एक कोड एकदाच चालतो, हे चिठ्ठीवर लिहून ठेवावं.

आता पाकीट. मी सांगतो आहे त्यात कागदाला कमी लेखलेलं नाही हे एव्हाना लक्षात आलं असेल. पाकिटात एकच पान असावं. फोनचा पिन, ईमेलचा पत्ता आणि पासवर्ड, तिजोरीचं नाव आणि मुख्य पासवर्ड, रिकव्हरी कोड, विमा पॉलिसींचे क्रमांक, आणि आधी कुणाला फोन करायचा त्यांची नावं. बस. बाकी सगळं तिजोरीत. पान हाताने लिहिलं तर 1 आणि l, 0 आणि O यांत गोंधळ होतो. म्हणून असे जवळचे दिसणारे अंक-अक्षर टाळावेत किंवा खाली ‘हा शून्य’ असं लिहावं.

मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक खास अडचण येते. मुख्य पासवर्ड म्हणून चारपाच मराठी शब्दांची ओळ रोमन लिपीत टाकायची पद्धत चांगली आहे, लक्षात राहते आणि लांबही असते. पण मराठी शब्दाचं रोमन स्पेलिंग घरात प्रत्येकाचं वेगळं असतं. बाबा shri लिहितात, मुलगी shree, मुलगा sri. ‘वाडा’ कुणाचा wada, कुणाचा vaada. फोनवर ‘पासवर्ड अमुक आहे’ असं नुसतं तोंडी सांगून ठेवलं असेल तर तो सापडणार नाही. कुठलं अक्षर मोठं, शब्दांच्या मध्ये जागा आहे की नाही, सगळं जसं टाइप करतो तसंच कागदावर यावं.

हे पाकीट मृत्युपत्रात जोडू नये. मृत्युपत्र पुढे न्यायालयात, साक्षीदारांकडे, वकिलांकडे फिरतं, आणि पासवर्ड बदलला की ते जुनं होतं. एकट्याच्या नावावरच्या बँक लॉकरमध्येही ठेवू नये. मालक बेशुद्ध असताना तो लॉकर कुणालाच उघडता येत नाही, आणि गेल्यावर नॉमिनीलासुद्धा दाखला देऊन प्रक्रिया पुरी करावी लागते. संयुक्त लॉकर असेल तर हरकत नाही. नाही तर घरातलं कपाट आणि दुसरी प्रत दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे, चिकटवलेल्या पाकिटावर सही करून. सही फाटलेली दिसली की कुणीतरी उघडलं हे कळतं. पासवर्ड अर्धा एकाकडे, अर्धा दुसऱ्याकडे ठेवायची कल्पना आकर्षक वाटते. पण त्यातला एक कागद हरवला की दुसऱ्याचा उपयोग उरत नाही, आणि कागद हरवणं हे भावंडांच्या संगनमतापेक्षा कितीतरी जास्त घडतं.

गूगल आणि ॲपल यांच्या स्वतःच्या सोयीही आहेत. त्या लावाव्यात, पण त्यांच्याकडून काय मिळतं ते जाणून. गूगलची सोय 2013 पासून आहे आणि myaccount.google.com/inactive या पत्त्यावर सापडते. खातं तीन, सहा, बारा की अठरा महिने वापरात नसेल तर ती जागी व्हावी, हे आपण ठरवायचं. दहापर्यंत माणसं नेमता येतात. मुदत संपण्याआधी गूगल आपल्यालाच इशारे देतं. उत्तर आलं नाही तर नेमलेल्या माणसाला ईमेल जातं, आणि त्याच्या मोबाइल नंबरची खात्री झाली की आपण ठरवलेले फोटो, ईमेल, फायली त्याला उतरवून घेता येतात. नेमताना त्याला काहीच कळवलं जात नाही. म्हणून त्याने पुढे नंबर बदलला तर वाट बंद, आणि ते आपल्यालाही समजत नाही. लक्षात घ्यायचं ते हे की सर्वांत लहान मुदत तीन महिन्यांची आहे आणि यातून खात्यात शिरायचा पासवर्ड मिळत नाही. आयसीयूच्या आठवड्यात या सोयीचा काही उपयोग नाही. वर्षभराने आईला फोटो हवे असतात, तेव्हा आहे. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं, त्यामुळे ‘नंतर निवांत बघू’ यालाही सीमा आहे.

ॲपलची सोय डिसेंबर 2021 मध्ये आली. पाच जणांपर्यंत नेमता येतं, प्रत्येकाला एक किल्ली-कोड मिळतो आणि तो कोड व मृत्यूदाखला दोन्ही दिल्यावरच आयक्लाउडमधले फोटो, नोंदी, बॅकअप उघडतात. तेही तीन वर्षांपुरते, मग खातं कायमचं जातं. आयफोनमध्येच जपून ठेवलेले पासवर्ड मात्र या वाटेने मिळत नाहीत. जे लोक वेगळा पासवर्ड मॅनेजर न वापरता सगळं आयफोनवर सोडतात त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. आणि दाखला लागत असल्याने आजारात ही सोयही मुकी.

नाशिकच्या घरात तिसऱ्या आठवड्यात वडील जातात. आता मुलीला तिजोरी वाचता येते आहे, फोनचा पिन आईला माहीत आहे. यापुढे काय आधी करायचं आणि काय सगळ्यात शेवटी, यावर पुढचे सहा महिने सोपे जातील की अवघड हे ठरतं. घाईघाईत होणारी चूक म्हणजे सिम बंद करणं किंवा रीचार्ज न करणं. नव्वद दिवस वापर नसलेला नंबर कंपनी बंद करू शकते आणि तो पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो. मग बँकेचे, विम्याचे, म्युच्युअल फंडांचे निरोप परक्या माणसाकडे जातात. नंबर चालू ठेवावा आणि कागदपत्रं हातात आली की मोबाइल कंपनीत जाऊन तो आईच्या नावावर करून घ्यावा. दुसरी चूक म्हणजे फोन साफ करून नातवाला देणं. ऑथेंटिकेटर, व्हॉट्सॲपवरची बोलणी, न चढवलेले फोटो, सगळं त्या क्षणी जातं. तिसरी चूक अधिक सूक्ष्म. बँकेने खातं थांबवलं की त्यावरून आपोआप जाणारे हप्ते थांबतात. त्यात गूगलच्या वाढीव जागेचं भाडं असतं, पासवर्ड मॅनेजरची वर्गणीही असते. बिटवॉर्डनची वर्गणी सरली तरी आधी नेमलेल्या माणसाची आणीबाणीची वाट चालू राहते. पण जागेचं भाडं थकलं आणि खातं भरलेलं असेल तर नवी ईमेलं येणं बंद होतं, आणि नेमक्या त्याच काळात वारसांच्या अर्जांची उत्तरं यायची असतात.

ईमेलच्या पेटीत मुलीने आधी शोधावं ते एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून येणारं एकत्रित विवरण, ज्याला लोक ‘कास स्टेटमेंट’ म्हणतात. त्यात पॅन क्रमांकावरचे शेअर आणि म्युच्युअल फंड एकाच जागी दिसतात. फाइलचा पासवर्ड बहुधा पॅनच असतो, मोठ्या अक्षरांत. वडिलांच्या तिजोरीत चार नोंदी असतील आणि या कागदात सात निघतील. विसरलेल्या जुन्या बँक ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं उद्‌गम हे पोर्टल आहे. त्यावर वारसाने आपल्या स्वतःच्या नंबराने नोंदणी करून नावाने शोध घ्यायचा असतो. तिथे वडिलांचा पासवर्ड लागतच नाही.

पैसे मिळवायची वाट मग दाव्याची, लॉगिनची नाही. नॉमिनी असेल तर ती छोटी होते. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, प्रत्येकाचा टक्का ठरवून. पण नॉमिनीच्या हातात रक्कम आली म्हणजे तो मालक झाला असं नाही. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या वादावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये निकाल दिला. शेअरच्या नॉमिनीला मालकी मिळत नाही, ती वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते, हे त्यात स्पष्ट झालं. आपल्या घरात आई एकमेव नॉमिनी असली तरी मृत्युपत्र नसेल तर मुलगी आणि मुलगा यांचाही वाटा आहे. तिजोरी एकट्या मुलीने वाचली आहे म्हणूनच तिने त्यातली यादी आई आणि जर्मनीतला भाऊ यांच्यासमोर तशीच्या तशी ठेवावी. माहिती एकाकडे राहिली की संशय तिथूनच सुरू होतो.

माहितीच्या हक्काचा कायदाही हळूहळू येतो आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम 14 मध्ये आपल्या माहितीवरचे हक्क मृत्यूनंतर किंवा असमर्थ झाल्यावर दुसऱ्याने बजवावेत म्हणून नॉमिनी नेमायची तरतूद आहे. शरीराची दुर्बलता आणि मनाचं भान जाणं, दोन्ही त्यात धरलेलं आहे, हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, पण अंमल टप्प्याटप्प्याने आहे. तोवर प्रत्येक कंपनीची स्वतःची सोय आणि आपलं पाकीट, एवढ्यावरच भिस्त.

ही सगळी मांडणी चालते का, हे कळायला वर्षातून एकदा तालीम करावी लागते. दिवाळीत मुलं घरी आली की वडिलांनी आपला फोन बाजूला ठेवावा, मुलीने स्वतःच्या लॅपटॉपवर आणीबाणीची विनंती पाठवावी. वडिलांना ईमेल येतंय का बघावं, आणि ते आलं की त्यांनी विनंती नाकारावी. पाकीट फोडून त्यावरचा पासवर्ड एका अनोळखी उपकरणावर टाकून पाहावा. बहुतेक वेळा पहिल्या तालमीत काहीतरी अडतं. Confirm राहिलेलं असतं, सहा महिन्यांपूर्वी बदललेला ईमेलचा पासवर्ड कागदावर जुनाच असतो, किंवा रिकव्हरी कोड वापरून संपलेला असतो. जे अडलं ते तिथेच दुरुस्त करावं, नवं पान लिहून जुनं फाडावं आणि पाकिटावर नवी तारीख घालावी.

आणि घरातलं माणूस गेल्यानंतर खाती बंद करायची वेळ येते तेव्हा क्रम उलटा ठेवावा. आधी क्रेडिट कार्ड आणि वर्गण्या, मग बँका आणि फंडांचे दावे पुरे होऊ द्यावेत, मग फेसबुकसारखी खाती. ईमेल आणि मोबाइल नंबर शेवटी, शेवटचा दावा निकाली निघून त्या वर्षाचं आयकर विवरण वारसाने भरून झाल्यावर.